दोघांचाही एस पॉझिटिव्ह, पण आजार एक नाही: एका घरातले हिपॅटायटिस बीचे रिपोर्ट

ही केस एका पेशंटची नाही, एका घराची आहे. ओळख पटू नये म्हणून वय, नाती यातले काही तपशील बदललेत, पण रिपोर्ट कुठल्या क्रमाने आले ते तसंच ठेवलंय कारण सगळी गोम त्या क्रमातच आहे.

२९ वर्षांचा तरुण, स्वतःचा टेम्पो चालवतो, लग्नाला आठ महिने झालेले. दहा-बारा दिवस भूक नाही, मळमळ, त्याच्या आधी आठवडाभर सांधे दुखत होते आणि अंगावर पित्त उठायचं, मग लघवी गडद झाली आणि डोळे पिवळे. गळ्यात काविळीची माळ होती, आमच्याकडे ही पद्धत अजून आहे, माळ लांब होत जाते तशी कावीळ उतरते असं म्हणतात. माळेवर मी कुणाशी वाद घालत नाही, फक्त रक्त तपासू द्या आणि झाडपाल्याचं औषध पोटात घेऊ नका एवढं सांगतो. बिलिरुबिन ९.२, एसजीपीटी १८४०, आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याचा आकडा, १.२. हिपॅटायटिस ए आणि ई दोन्ही निगेटिव्ह. एचबीएसएजी, थोडक्यात एस, म्हणजे जुने लोक अजूनही ज्याला ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हणतात तो, पॉझिटिव्ह.

बाहेर बसलेल्या नातेवाईकांपर्यंत "पांढरी कावीळ" हा शब्द पोचला आणि पाच मिनिटांत सगळ्यांच्या नजरा बदलल्या. टेम्पो घेऊन मुंबई-सुरत करतो, बाहेर राहतो, मग आणलं असणार कुठून तरी. बायको २२ आठवड्यांची गरोदर, ती कोपऱ्यात उभी राहून रडत होती. तिची फाइल मागितली तर गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीचा कागद त्यातच होता, तिसऱ्या महिन्यातला, आणि त्यावर एचबीएसएजी पॉझिटिव्ह असा शिक्का. दोन महिने तो कागद फाइलमध्ये पडून होता, कुणी तिला त्याचा अर्थ सांगितला नव्हता आणि नवऱ्याची तपासणी करायला पण सांगितलं नव्हतं. तेव्हाच त्याला तपासून लस सुरू केली असती तर तो वाचला असता का? लागण झाल्यापासून कावीळ दिसेपर्यंत साधारण दोन ते पाच महिने जातात, त्यामुळे तोवर विषाणू कदाचित आत शिरलाही असेल. पण निदान विचारायला हवं होतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता घरच्यांचा तर्क असा झाला की नवऱ्याने बायकोला दिलं. कागद मात्र काही वेगळंच सांगत होते, फक्त नीट वाचायला हवे होते.

मी दोघांचं एकाच दिवशी पूर्ण पॅनेल पाठवलं. आलेल्या रिपोर्टमध्ये पहिल्या दोन ओळी दोघांच्याही सारख्याच, एचबीएसएजी पॉझिटिव्ह, एचबीईएजी पॉझिटिव्ह. बरेच जण इथेच थांबतात आणि दोघांनाही "हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह, व्हायरस ॲक्टिव्ह" असं एकच लेबल लावतात. पण एस पॉझिटिव्ह म्हणजे फक्त एवढंच की आज या क्षणी विषाणू अंगात आहे. आणि ई पॉझिटिव्ह म्हणजे तो जोरात वाढतोय. कधीपासून आहे हे या दोन्ही ओळी सांगत नाहीत. नव्या लागणीतही सुरुवातीला ई पॉझिटिव्ह असतो आणि २५ वर्षं जुन्या लागणीतही असू शकतो.

फरक पुढच्या ओळींमध्ये होता. नवऱ्याचा अँटी-एचबीसी आयजीएम, म्हणजे विषाणूच्या गाभ्याविरुद्ध नव्या लागणीत तयार होणारी अँटीबॉडी, जोरदार पॉझिटिव्ह, कटऑफच्या जवळजवळ ३० पट. बायकोचा आयजीएम निगेटिव्ह, पण अँटी-एचबीसी टोटल, म्हणजे नवी-जुनी सगळी मिळून, पॉझिटिव्ह. नवऱ्याची एसजीपीटी १८४०, बायकोची १९. आणि एचबीव्ही डीएनए, जो बघून माझ्याकडच्या ज्युनिअरला धक्का बसला: नवऱ्याचा २ लाख, बायकोचा ११ कोटी.

"सर, रिपोर्ट उलटे आलेत का? जो पिवळा झालाय त्याचा व्हायरस कमी आणि जिला काहीच होत नाहीये तिचा एवढा?"

उलटे नव्हते. हा विषाणू लिव्हरची पेशी स्वतःहून फारशी मारत नाही, विषाणू असलेल्या पेशी आपलीच प्रतिकारशक्ती मारते आणि त्या फुटल्या की एसजीपीटी रक्तात येतं. म्हणजे एसजीपीटी हा विषाणूचा आकडा नाही, लढाईचा आहे. नवऱ्याच्या शरीराने विषाणू ओळखला होता आणि त्याच्यावर तुटून पडलं होतं, म्हणून पेशी फुटत होत्या, कावीळ दिसत होती आणि विषाणू कमी होत चालला होता. बायकोच्या शरीरात लढाई सुरूच झाली नव्हती. विषाणू कोट्यवधीत, लिव्हर शांत, ती ठणठणीत. यालाच इम्यून टॉलरंट म्हणतात. युरोपातल्या लिव्हरतज्ज्ञांनी २०१७ मध्ये हे नाव बदलून "ई पॉझिटिव्ह क्रॉनिक इन्फेक्शन" असं केलं, कारण प्रतिकारशक्ती पूर्ण झोपलेली असते असं आता मानत नाहीत, पण वॉर्डात सगळे अजून टॉलरंटच म्हणतात.

ही अवस्था मोठेपणी झालेल्या लागणीत सहसा दिसत नाही. जन्माच्या वेळी किंवा तान्हेपणी विषाणू आला तर सुमारे ९० टक्के बाळांमध्ये तो कायमचा राहतो, कारण ते शरीर त्याला परका म्हणून धरतच नाही. धडधाकट मोठ्या माणसात आला तर ९५ टक्क्यांच्या आसपास लोक तो स्वतःच साफ करतात. (माळेला यश मिळतं ते याच ९५ टक्क्यांमुळे, राहिलेल्यांची चौकशी करायला कुणी परत जात नाही.) त्यामुळे २३ वर्षांच्या मुलीत ई पॉझिटिव्ह, डीएनए कोटींमध्ये, एसजीपीटी १९ आणि आयजीएम निगेटिव्ह दिसलं की माझा पहिला प्रश्न नवऱ्याबद्दल नसतो, आईबद्दल असतो.

तिची आई दोन दिवसांनी आली, वय ४७. तिला दहा वर्षांपूर्वी रक्तदान शिबिरात एस पॉझिटिव्ह असल्याचं कळलं होतं आणि कुठेतरी "ई निगेटिव्ह आहे, व्हायरस झोपलाय, काळजी नको" असं सांगून घरी पाठवलं होतं. तेव्हापासून एकही तपासणी नाही. आता एस पॉझिटिव्ह, ई निगेटिव्ह, अँटी-एचबीई पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह. इथपर्यंत खरंच झोपलेल्या विषाणूचं चित्र वाटतं. पण एसजीपीटी ७२, डीएनए ६४ हजार आणि फायब्रोस्कॅनमध्ये लिव्हर कडक होत चाललेलं. विषाणूच्या जनुकात असा एक बदल होतो की तो ई प्रोटीन बनवणंच सोडून देतो, वाढत मात्र राहतो. आपल्याकडे हे भरपूर दिसतं. म्हणून ई निगेटिव्ह ही ओळ एकटी वाचायची नाही, शेजारी डीएनए आणि एसजीपीटी लागतातच. झोपलेला म्हणायचं तर डीएनए साधारण २ हजारांच्या खाली आणि एसजीपीटी पुन्हा पुन्हा नॉर्मल हवी, एकदा आली तर नाही.

आणि नॉर्मल म्हणजे किती, यातही गफलत होते. लॅबच्या कागदावर ४५-५० पर्यंत नॉर्मल छापलेलं असतं, पण हिपॅटायटिस बीसाठी अमेरिकन लिव्हर संघटनेने २०१८ मध्ये पुरुषांना ३५ आणि बायकांना २५ ही वरची मर्यादा धरली. ४४ एसजीपीटीच्या बाईला टॉलरंट म्हणून सोडलं आणि आत लिव्हर खराब होत राहिलं, असं होऊ शकतं. मुलीची १९ होती तरी मी पुढे दोनदा करून घेतली, १७ आणि २२ आली, तेव्हा मी टॉलरंट हा शब्द कागदावर लिहिला.

म्हणजे घरातली दिशा अशी निघाली: आईकडून मुलीला जन्माच्या वेळी आणि मुलीकडून नवऱ्याला लग्नानंतर. हे सांगताना मला फार जपून बोलावं लागलं, कारण तोवर जो संशय नवऱ्यावर होता तो आता सुनेवर घसरणार हे दिसत होतं. सासूबाईंना म्हटलं, "आजी, ही जन्मली त्या मिनिटाला हिच्या अंगात हे आलंय, हिच्या आईलासुद्धा माहीत नव्हतं, यात कुणी काही केलेलं नाही." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "बाळाचं काय होईल ते सांगा." तिथून पुढे बोलणं सोपं झालं.

घरातल्या बाकी सगळ्यांची रक्तं पण त्याच दिवशी घेतली, लस द्यायच्या आधी. हा क्रम महत्त्वाचा आहे कारण लसीत एस प्रोटीनच असतं, डोस दिल्यावर दोन-तीन आठवडे एचबीएसएजी तात्पुरता पॉझिटिव्ह दिसू शकतो आणि मग नसती भानगड उभी राहते.

नणंद नर्सिंग करते, २० वर्षांची. तिचा रिपोर्ट घरच्यांनी लॅबमधून आणला आणि रात्री साडेनऊला मला फोन, "डॉक्टर, हिला पण आहे, ३१२ आलंय, ठळक अक्षरात रिॲक्टिव्ह लिहिलंय." फोटो मागवला. ती ओळ अँटी-एचबीएसची होती, एचबीएसएजीची नाही. नावं एवढी सारखी आहेत की घाईत शिकलेला माणूसही चुकतो. एचबीएसएजी म्हणजे विषाणूचं आवरण, अँटी-एचबीएस म्हणजे त्या आवरणाविरुद्धची आपली ढाल. १० किंवा त्याहून जास्त असली की संरक्षण आहे असं धरतात, हिची ३१२. लॅबचं सॉफ्टवेअर चांगला रिॲक्टिव्ह आणि वाईट रिॲक्टिव्ह यात फरक करत नाही, दोन्ही ठळकच छापतं.

पण ही ढाल लसीची की होऊन गेलेल्या आजाराची? हे अँटी-एचबीएस सांगू शकत नाही, ते अँटी-एचबीसी टोटल सांगतं. विषाणूला आवरण आहे आणि आत गाभा, म्हणजे कोअर, आहे. लसीत फक्त आवरणाचं प्रोटीन, यीस्टमध्ये बनवलेलं, गाभा नाहीच. त्यामुळे नुसत्या लसीने गाभ्याविरुद्धची अँटीबॉडी तयार होऊच शकत नाही. नणंदेची अँटी-एचबीसी टोटल निगेटिव्ह, कॉलेजात तीन डोस झालेले, म्हणजे निव्वळ लसीचं संरक्षण. सासऱ्यांचा रिपोर्ट बघा, एस निगेटिव्ह, अँटी-एचबीएस ४०, पण अँटी-एचबीसी टोटल पॉझिटिव्ह. त्यांना कधीतरी आजार होऊन गेला आणि बरा झाला, त्यांना पत्ताही नाही. वरून दोघंही सुरक्षित, पण उद्या सासऱ्यांना कॅन्सरची किमो किंवा रिटुक्सिमॅबसारखं औषध द्यायची वेळ आली तर लिव्हरमध्ये दडून बसलेला विषाणू उठू शकतो, नणंदेत उठायला काही नाहीच. म्हणून त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरात "कोअर पॉझिटिव्ह" लिहून ठेवलंय.

मला एकच ओळ निवडायला लावली तर मी ही कोअरची निवडेन. तीच स्वस्तातल्या पॅकेजमधून सगळ्यात आधी गाळली जाते.

नवऱ्याकडे परत येऊ. त्याला विषाणूचं औषध दिलं नाही. तीव्र लागणीत बहुतेकांना लागत नाही, आयएनआर वाढायला लागला किंवा माणूस गुंगीत जायला लागला तर गोष्ट वेगळी, म्हणून बिलिरुबिनपेक्षा माझं लक्ष आयएनआरवर होतं. तो १.२ च्या पुढे गेला नाही. सहाव्या आठवड्यात एसजीपीटी ८८, एस अजून पॉझिटिव्ह. चौदाव्या आठवड्यात तो स्वतःच दुसरीकडे रक्त तपासून आला आणि खुशीत कागद दाखवला, एचबीएसएजी निगेटिव्ह. खाली अँटी-एचबीएस पण निगेटिव्ह. तिथे त्याला सांगितलं होतं की तुला कधी हिपॅटायटिस बी झालाच नव्हता, आधीचा रिपोर्ट चुकला असेल, लस घेऊन टाक.

हा विंडो पिरियड. आवरणाचं प्रोटीन रक्तातून गेलेलं असतं आणि त्याची अँटीबॉडी अजून मोजण्याइतकी वर आलेली नसते, मधले काही आठवडे दोन्ही ओळी रिकाम्या दिसतात. त्या रिकाम्या जागेत एकच साक्षीदार उरतो, कोअरचा आयजीएम. त्याच रक्तावर करून घेतला, पॉझिटिव्ह. त्याला समजावलं की अजून संपलं नाही, महिना-दोन महिने थांब, रक्तदान आता कधीच करायचं नाही. सातव्या महिन्यात अँटी-एचबीएस ५८ आला, आयजीएम निगेटिव्ह, टोटल कोअर पॉझिटिव्ह, तो आता जन्मभर तसाच राहील. सहा महिन्यांनंतरही एस पॉझिटिव्ह राहिला असता तर त्याला क्रॉनिक म्हणावं लागलं असतं.

तोवर तिकडे बायकोचं बाळंतपण झालं होतं. टॉलरंट अवस्थेत एरवी या वयात औषध न देता लक्ष ठेवणं चालतं, पण पोटात बाळ आहे आणि डीएनए ११ कोटी, म्हणजे बाळाला जन्मतःच लस दिली तरी काहींमध्ये लागण निसटते. २ लाखांच्या वर डीएनए असेल तर शेवटच्या तिमाहीत टेनोफोविर हे विषाणू दाबणारं औषध देतात, हिला २८ व्या आठवड्यापासून सुरू केलं. राष्ट्रीय कार्यक्रमात, २०१८ मध्ये सुरू झालेला व्हायरल हिपॅटायटिसचा जो आहे त्यात, औषध फुकट मिळालं. बाळंतपणाच्या आधी डीएनए १८ हजारांवर आला. बाळाला जन्मल्यावर १२ तासांच्या आत लसीचा पहिला डोस आणि दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन. अंगावर पाजायला हरकत नाही, हे तीन वेळा सांगावं लागलं कारण शेजारणी उलटं सांगत होत्या.

बाळंतपणानंतर चौथ्या आठवड्यात टेनोफोविर थांबवलं आणि दहाव्या आठवड्यात तिची एसजीपीटी १८६ निघाली. ताप नाही, कावीळ नाही, फक्त थकवा. माहेरी असताना तपासलं होतं, तिथे कोअर आयजीएम पण केला आणि तो पॉझिटिव्ह आला, निदान लिहिलं "ॲक्यूट हिपॅटायटिस बी". पुन्हा घरात गोंधळ, म्हणजे हिला आत्ता लागलं का, मग आधीचं सगळं खोटं?

आयजीएमचा हा सापळा माहीत हवा. जुना आजार अचानक भडकला तरी आयजीएम थोडा वर येतो. तिचा कटऑफच्या १.४ पट होता, नवऱ्याचा ३० पट होता, पण कागदावर दोघांनाही "पॉझिटिव्ह" एवढा एकच शब्द. आकडा बघायचा आणि जुना रिपोर्ट बघायचा. तिचा एस गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यातच पॉझिटिव्ह होता, कोअर टोटल पॉझिटिव्ह होता, ही नवी लागण असूच शकत नाही. बाळंतपणानंतर गरोदरपणात दबलेली प्रतिकारशक्ती परत जागी होते, त्यात औषध थांबलेलं, अशा वेळी भडका उडतो. जुना कागद हाताशी नसता तर मीसुद्धा एका रिपोर्टवर ठामपणे बोललो नसतो, थांबून सहा महिन्यांनी एस परत केला असता.

बिलिरुबिन आणि आयएनआर नॉर्मल होते म्हणून औषध लगेच परत सुरू न करता दर दोन आठवड्यांनी बोलावलं. विसाव्या आठवड्यात एसजीपीटी २४, ई अजून पॉझिटिव्ह, डीएनए ९ कोटी. भडका विझला आणि ती परत होती तिथे आली. कधीतरी तो विझणार नाही आणि एसजीपीटी वरच राहील, तो दिवस टॉलरंट अवस्था संपल्याचा, तेव्हा औषध सुरू होईल. म्हणून सुरुवातीला तीन आणि मग सहा महिन्यांनी तपासणी ठरवली आहे. तिच्या आईला टेनोफोविर कधीच सुरू झालंय.

बाळाच्या बाबतीत एक घाई झाली. चार महिन्यांचं असताना आजोबांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून पूर्ण पॅनेल केलं आणि कोअर टोटल पॉझिटिव्ह आलं. आजोबांना आता कोअरचा अर्थ माहीत होता, "कोअर म्हणजे खरा विषाणू" हे मीच शिकवलेलं, त्यामुळे ते रिपोर्ट घेऊन आले तेव्हा हात थरथरत होते. बाळात मात्र ते लागू होत नाही, आईची कोअर अँटीबॉडी नाळेतून बाळात जाते आणि वर्ष-दीड वर्ष, क्वचित दोन वर्षंही रेंगाळते. त्याचा अँटी-एचबीएस पण वर होता, पण तोही जन्माच्या वेळच्या इम्युनोग्लोब्युलिनचा असू शकतो, लसीचाच आहे असं चार महिन्यांना म्हणता येत नाही. बाळाची तपासणी नवव्या महिन्याच्या आधी करायचीच नाही, आणि तेव्हाही फक्त एस आणि अँटी-एस.

बाळ दहा महिन्यांचं झाल्यावर केलं. एचबीएसएजी निगेटिव्ह, अँटी-एचबीएस ३८०. आजोबांनी कागद दोनदा वाचला, कुठला एस आणि कुठला अँटी-एस ते बोट ठेवून स्वतःच सांगितलं, आणि मग सुनेच्या पुढच्या तपासणीची तारीख विचारून घेतली.